मोल्ड बनवून घेण्याआधी मोल्डरशी काय ठरवायचं

बोअरवेल पंपाच्या कंट्रोल पॅनेलचं एबीएसचं झाकण आम्ही भोसरीतल्या एका मोल्डरकडून करून घेत होतो. मोल्डचा अर्धा खर्च आम्ही दिला, अर्धा त्याने घातला, आणि पीओवर 'मोल्ड ग्राहकाच्या मालकीचा' अशी ओळ होती. तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो. पुढे माल उशिरा यायला लागला, मोल्ड दुसरीकडे न्यायचं ठरलं, आणि तो मिळायला सात आठवडे गेले. फेब्रुवारी-मार्च, म्हणजे पंपांचा सगळा सीझन. दुसरा मोल्ड करायला घेतलाय, त्याआधी ही तयारी लिहून काढतोय.

पार्टचं ड्रॉइंग, मटेरियलचा ग्रेड, रंग, कॅव्हिटी किती, हे सगळेच विचारतात. स्टीलचा ग्रेड आणि किती शॉटची हमी, हे मात्र कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी 'पी-२० वापरू' म्हणणं पुरेसं नाही.

आता खर्चाची वाटणी. आमचा मोल्ड दोन कॅव्हिटीचा, ४,२०,००० रुपयांचा, जीएसटी वेगळा. २,१०,००० आम्ही दिले. उरलेले २,१०,००० एक लाख नगांवर वसूल करायचे, म्हणजे नगामागे २ रुपये १० पैसे. झाकणाचा खरा रेट १४ रुपये होता, पण पीओवर १६.१० असा एकच आकडा गेला. ही पहिली चूक. दोन आकडे वेगळ्या ओळींत हवेत, नाहीतर एक लाख नग झाल्यावर रेट आपोआप १४ वर येत नाही आणि तो उतरवा म्हणून नव्याने भांडावं लागतं. मोजायचं काय, हेही लिहा. दोन कॅव्हिटीत एका शॉटला दोन नग पडतात आणि मशीनच्या काउंटरवर रिजेक्ट झालेले शॉटही चढतात. म्हणून बिलावर आलेले आणि आपण स्वीकारलेले नग, एवढंच माप धरा.

आणि आता ती गोष्ट, जी माझ्याकडून राहिली: मोल्ड उचलण्याची अट. मालकी कोणाची हे लिहिणं वेगळं आणि मोल्ड त्याच्या शेडमधून बाहेर कसा पडणार हे लिहिणं वेगळं. मी मोल्ड मागितला तेव्हा ६२,००० नग झाले होते. हिशोबाने ३८,००० नगांचे ७९,८०० रुपये त्याला देणं बाकी होतं, आणि ते द्यायला मी तयार होतो. तो म्हणाला, "साहेब, अर्धा मोल्ड माझा आहे. माझे दोन लाख दहा हजार द्या, आणि मध्ये स्लायडर बदलला त्याचेही द्या." तो अगदीच खोटं बोलत होता असं नाही. मध्येच सोडलं तर काय, हे आम्ही दोघांनीही कधी बोललो नव्हतो. त्यातून त्याने आमच्या अर्ध्या रकमेचं बिल 'डेव्हलपमेंट चार्जेस' म्हणून काढलं होतं. मोल्ड विकल्याचा शब्द त्यात कुठेच नव्हता.

म्हणून हे वाक्य पीओवरच, पहिला हप्ता देण्याआधी लिहा: 'ग्राहक कोणत्याही वेळी, कारण न देता मोल्ड मागू शकेल. उरलेले नग गुणिले ठरलेली नगामागची रक्कम एवढे पैसे भरल्यापासून सात दिवसांत मोल्ड चालू स्थितीत ताब्यात दिला जाईल. पार्टच्या बिलांचा कोणताही वाद या ताब्याआड येणार नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे वस्तूवर मेहनत करणारा त्या कामाच्या पैशांसाठी ती वस्तू अडवू शकतो. कलम १७१ प्रमाणे इतर सगळ्या थकबाकीसाठी अडवण्याचा हक्क बँका वगैरे मोजक्यांनाच आहे, बाकीच्यांना तो करारात स्पष्ट लिहिला असेल तरच मिळतो. म्हणजे मोल्डरच्या कोटेशनमागच्या बारीक अक्षरांत तसं काही असेल, तर ते वाचून आधीच खोडून घ्या. कायदा बाजूने असला तरी मोल्ड त्याच्या कुलपात असतो, आणि कोर्टात जाऊन सीझन परत मिळत नाही.

उचलण्याची अट लिहिली आणि मोल्ड दुसऱ्या मशीनवर चढलाच नाही, तर ती अट कागदावरच राहते. डिझाइन ठरतानाच विचारा: मोल्ड किती टनाच्या मशीनसाठी, टाय-बारमध्ये बसतो का, लोकेटिंग रिंगचं माप काय, बंद मोल्डची उंची किती. नंतर जिथे नेता येईल अशा दुसऱ्या एका मोल्डरची मापं त्याच वेळी जुळवून बघा. आमच्याकडे लोकेटिंग रिंग नवी करावी लागली, ते निभावलं. टाय-बारमध्ये बसला नसता तर काहीच करता आलं नसतं. मोल्डचा थ्रीडी डेटा (स्टेप फाइल चालेल), टू-डी ड्रॉइंग आणि कॉपरचे इलेक्ट्रोड हेही मोल्डचाच भाग आहेत, हे उचलण्याच्या अटीतच नाव घेऊन लिहा. ते नसतील तर पुढचा टूलरूमवाला प्रत्येक दुरुस्तीला मापं काढत बसतो.

बिल कसं काढायचं, हे सीएला विचारूनच ठरवा. मला पटलेली पद्धत अशी: मोल्डचं पूर्ण ४,२०,००० चं बिल पहिल्याच दिवशी आपल्या नावावर, त्यावर 'इंजेक्शन मोल्ड' असा स्पष्ट शब्द, अर्धे पैसे लगेच आणि अर्धे नगांप्रमाणे हप्त्याने. मग ते २.१० त्या बिलाचे हप्ते होतात, पार्टच्या रेटमध्ये मिसळायचे नाहीत, नाहीतर त्याच रकमेवर दोनदा जीएसटी लागतो. पीओवर 'मोल्ड ग्राहकाने विनामूल्य पुरवायचा' हेही असू द्या. जून २०१८ च्या जीएसटी परिपत्रकाप्रमाणे करारात मोल्ड मोल्डरने आणायचा असेल आणि प्रत्यक्षात तुम्ही फुकट दिलात, तर त्याची नगामागची किंमत पार्टच्या मूल्यात धरली जाते.

मोल्डवर तुमचं नाव आणि मोल्ड नंबर कोरून घ्या. चिकटवलेली पट्टी निघते. मोल्डरच्या बँकेचा बोजा त्याच्या मशिनरीवर असतो, आणि बँकेचा माणूस शेडमध्ये आला तर बिलाइतकंच ते कोरलेलं नाव कामी येतं. फोटो काढून ठेवा. मोल्ड तुमच्या मालमत्तेच्या यादीत चढवा आणि विमाही तुमचाच असू द्या.

देखभाल: तेलपाणी, साफसफाई त्याची. मोठी दुरुस्ती तुमची, पण आधी लेखी मंजुरी घेऊन. तो स्लायडर कोणाच्या खर्चाने बदलला, यावर आमचे दोन आठवडे गेले.

ताबा घेताना: शेवटच्या शॉटचे नग मोल्डसोबत, प्रोसेस शीट (तापमान, दाब, कूलिंगची वेळ), गंजरोधक स्प्रे, चलन, ई-वे बिल. टेम्पोत क्लॅम्प लावून, उघडा नाही.

आणि सही करण्याआधी पीओ पुन्हा उघडून उचलण्याची अट शोधा. उरलेल्या पैशांचं गणित, दिवसांची संख्या, बिलांचा वाद आड येणार नाही हे वाक्य. तिन्ही दिसत नसतील तर ॲडव्हान्सचा चेक देऊ नका.