भागीदाराला ‘तुझ्या कामाने धंद्याचं नुकसान होतंय’ हे कसं कळवलं

लक्षण: जळगावात दोघांचा केळी वेफर्सचा धंदा, बिलं भागीदाराकडे. विक्रीचं जीएसटी रिटर्न, म्हणजे GSTR-1, सलग तीन महिने 11 तारखेच्या मुदतीनंतर भरलं गेलं. त्यामुळे खरेदीदारांना कोणत्या बिलांवरच्या कराची वजावट मिळेल हे दाखवणाऱ्या, 14 तारखेला निघणाऱ्या GSTR-2B मध्ये आमची बिलं दिसेनात, आणि ते कराची रक्कम अडकवून ठेवू लागले.

‘जरा लक्ष दे’ म्हणून झालं, काही हललं नाही. कामगारांच्या ग्रुपवर लिहिलं, तर तो दोन दिवस बोललाच नाही. डोकं पार उठलं.

शेवटी आधी पोर्टलवरून तिन्ही महिन्यांच्या भरल्याच्या तारखा काढल्या, अडकलेली रक्कम वहीतून जुळवली. मग सकाळी, फक्त त्यालाच:

‘भाऊ, तीन महिने रिटर्न उशिरा गेलं. तारखा आणि अडकलेले पैसे खाली दिलेत. याने धंद्याचं नुकसान होतंय, म्हणून स्पष्ट लिहितोय. गिऱ्हाईक तू जोडलंस, ते मला जमलं नसतं. पण बिलं 5 तारखेपर्यंत अकाउंटंटकडे जायलाच हवीत. तुला जमणार नसेल तर ते काम मी घेतो. संध्याकाळी दुकानात बसू?’

‘तू नेहमीच’ हे शब्द मुद्दाम गाळले. तारखेशी वाद घालता येत नाही, स्वभावाशी येतो. कौतुक खरं असेल तरच लिहा, नाहीतर तेच आधी खटकतं. संध्याकाळी बिलं माझ्याकडे आली, वसुली त्याच्याकडे गेली.