नवीन फ्रीज चालत नाहीये? परत करायचा हक्क घालवणाऱ्या या चुका टाळा

इचलकरंजीच्या माझ्या मावसबहिणीने मागच्या उन्हाळ्यात २७,४०० रुपयांचा फ्रीज घेतला. तिसऱ्या दिवशी दूध नासलं. दुकानात फोन केला तर ते म्हणाले ताई, कंपनीच्या नंबरवर कंप्लेंट टाका, तिने टाकली, टेक्निशियन आला आणि गॅस भरून गेला. आठ दिवस कूलिंग छान, मग परत तेच, परत गॅस, परत आठ-दहा दिवस बरं. असं करत अडीच महिने गेले आणि मग ती दुकानात जाऊन म्हणाली मला हा फ्रीज नकोच, पैसे द्या, तर उत्तर मिळालं "अडीच महिने वापरलात की ताई, आता कसा परत घेणार?"

राग येतो, पण १९३० च्या माल विक्री कायद्यात त्या उत्तराला थोडा आधार आहे, आणि तो आधार आपणच त्यांना देतो, म्हणून हे लिहितेय.

आधी हक्क कुठून येतो ते बघा. या कायद्याच्या कलम १६ मध्ये गर्भित शर्ती आहेत, म्हणजे बिलावर एक अक्षर लिहिलेलं नसलं तरी कायदा ज्या अटी सौद्यात धरूनच चालतो त्या. फ्रीजचा धंदा करणाऱ्याने फ्रीज म्हणून विकलेली वस्तू बाजारात फ्रीज म्हणून खपण्यालायक असली पाहिजे, ही एक. आणि तुम्ही दुकानदाराला तुमची गरज सांगितली आणि त्याच्या माहितीवर विसंबून माल घेतला तर तो त्या कामाला बऱ्यापैकी योग्य पाहिजे, ही दुसरी. जो फ्रीज गार करत नाही तो पहिलीच शर्त मोडतो. शर्त मोडली की माल नाकारता येतो, पैसे परत मागता येतात. हमी म्हणजे सौद्यातली दुय्यम अट, ती मोडली तर फक्त नुकसानभरपाई मिळते, माल नाकारता येत नाही. (कायद्यातली ही "हमी" आणि फ्रीजसोबतचं वॉरंटी कार्ड वेगळं बरं का. कार्डावर फक्त दुरुस्ती लिहिलेली असली म्हणून कायद्याने दिलेला नाकारायचा हक्क आपोआप जात नाही.)

सगळ्यात मोठी चूक: दुरुस्तीत दिवस घालवणं आणि "नको" हे लेखी न देणं

कलम १३ सांगतं की माल एकदा स्वीकारला की शर्त मोडली तरी ती हमी मोडल्यासारखीच धरायची, म्हणजे परत करणं संपलं, भरपाई मागा. आणि स्वीकारला कधी म्हणायचा ते कलम ४२ मध्ये आहे: तुम्ही तसं कळवलंत तर, माल आता आपलाच आहे असं काही केलंत तर, किंवा वाजवी मुदत उलटून गेली तरी नाकारल्याचं न कळवता ठेवून घेतलात तर. वाजवी मुदत म्हणजे किती दिवस हे कायद्यात लिहिलेलं नाही, प्रत्येक प्रकरणात परिस्थिती बघून ठरतं. म्हणूनच गप्प बसलेला प्रत्येक आठवडा तुमच्या विरुद्ध मोजला जाऊ शकतो.

डिलिव्हरी चलनावर "माल सुस्थितीत मिळाला" अशी सही केली म्हणून घाबरू नका. कलम ४१ प्रमाणे तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत स्वीकार धरला जात नाही आणि फ्रीज तपासायचा म्हणजे तो चालवूनच बघावा लागतो. मात्र दारावर पोचा आहे आणि तो तुम्ही दुकानात नीट बघून घेतलात, तर त्या पोच्यावर नंतर भांडता येणार नाही. बघितल्यावर दिसायला हवा होता असा दोष या शर्तीत येत नाही. गॅस लीक बघून दिसत नाही, तो येतो.

ताईने पहिल्या गॅसनंतर परत बिघडला त्या दिवशीच, म्हणजे साधारण तेराव्या दिवशी, दुकानदाराला हे पाठवायला हवं होतं, ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हीने:

"अमुक तारखेला, अमुक बिलाने घेतलेला फ्रीज तिसऱ्या दिवसापासून गार करत नाही. एकदा गॅस भरूनही तोच दोष परत आला. हा माल विक्रीयोग्य दर्जाचा नसल्याने मी तो नाकारत आहे. २७,४०० रुपये परत करावेत आणि फ्रीज घेऊन जावा. आधी करू दिलेली दुरुस्ती म्हणजे मालाचा स्वीकार नव्हे."

बस, एवढंच. टेम्पो करून फ्रीज दुकानात नेऊन टाकायची गरज नाही, कलम ४३ नुसार नाकारलाय हे कळवलं तरी पुरतं. पण मग तो वापरणंही थांबवा! नाकारलाय म्हणायचं आणि त्यातच भाजी ठेवत राहायचं हे जमत नाही. बाहेरचा मेकॅनिक बोलावून तर अजिबात उघडू नका, कारण मग दोष कुणामुळे आला हाच वाद सुरू होतो.

पुरावा न ठेवता बोलणं

"नीट गार होत नाही" याला कुणीही उत्तर देतं, व्होल्टेज कमी असेल, भिंतीला चिकटवला असेल, दार सारखं उघडत असाल. म्हणून आधी ते सगळं स्वतः बाद करा. भिंतीपासून पुस्तिकेत लिहिलंय तेवढं अंतर ठेवा, दाराच्या रबरमध्ये कागद अडकवून बघा सहज निघतो का, मग मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर रात्रभर ठेवा. सकाळी साधारण ५ अंशांच्या आसपास यायला हवं. कंप्रेसर सतत चालू, मागची बाजू कोमट आणि पाणी १४ अंशांवर असेल तर दोष मशीनमध्ये असण्याची शक्यता खूप. फोटो काढा, तारखेसकट. आणि टेक्निशियनकडून प्रत्येक वेळी जॉब शीट घ्याच, त्यावर नुसतं "ओके" नको, काय केलं ते लिहून घ्या.

खास गरज मनात ठेवणं

घरात इन्सुलिन ठेवायचंय, २ ते ८ अंश लागतात, किंवा डब्यांच्या धंद्यासाठी रोज दहा लिटर दही ठेवायचंय, तर हे दुकानदाराला सांगा, व्हॉट्सअॅपवर लिहून सांगितलेलं उत्तम. न सांगता फक्त कंपनीचं नाव आणि मॉडेल मागून घेतलं तर त्या खास कामाची शर्त लागत नाही. घरगुती वापराचं मात्र वेगळं सांगावं लागत नाही, फ्रीज गार करायलाच घेतात.

"कंपनीशी बोला" वर गप्प बसणं

सौदा तुमचा दुकानदाराशी झालाय, शर्त त्याच्यावर आहे. बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलेलं असतं त्यालाही बिचकू नका, पैसे भरल्यावर हातात आलेल्या कागदावरची ओळ म्हणजे दोघांनी आधी ठरवलेला करार नव्हे. उलट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, बिलात मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत.

आणि ताईसारखा उशीर झालाच असेल तर? माल विक्री कायद्याने भरपाईच उरते, पण ग्राहक आयोग सदोष मालासाठी बदलून देणं, पैसे परत, भरपाई यातलं काहीही सांगू शकतो. मुदत २ वर्षं, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच करता येते, ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पार्टी करा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. ताईकडे नशिबाने तिन्ही जॉब शीट होत्या, तिन्हीवर "गॅस चार्जिंग" लिहिलेलं, त्या जोडून नोटीस पाठवली तेव्हा सतराव्या दिवशी नवा फ्रीज दारात आला. पैसे परत मिळाले नाहीत, जे तिला खरं तर हवे होते.