फोनमधे जुने मेल दिसत नाहीत? डिलीट नाही झालेत, सिंकचे दिवस वाढवा

गेल्या गणपतीला आमच्या मावसभावाचं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटकन कळेल. गाडी कोकणातली, तारीख २५ ऑगस्ट २०२५. रेल्वेचं आगाऊ बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे यानं २६ जूनला सकाळीच तिकीट काढलं, कन्फर्म मिळालं, तिकिटाचा मेल आला, तो वाचला आणि विषय संपला. गाडीत टीसी आला तेव्हा चिपळूण मागे पडलेलं, एकामागून एक बोगदे, नेटवर्क शून्य. यानं जीमेल उघडलं तर मेल जुलैच्या शेवटापर्यंतच, त्याच्या मागे काहीच नाही. सर्च केलं तरी नाही. "अरे मी डिलीट केला की काय" म्हणून बिचारा घामाघूम. नशिबाने तिकिटाचा एसएमएस होता आणि आधार कार्ड जवळ होतं, तेवढ्यावर काम झालं. रत्नागिरी स्टेशनात रेंज आली आणि तोच मेल आपोआप दिसायला लागला!

तर मेल कुठे गेला नव्हता. अँड्रॉइडच्या जीमेल अ‍ॅपमधे एक सेटिंग असतं, किती दिवसांचे मेल फोनमधे उतरवून ठेवायचे, आणि ते मुळात ३० दिवसांवर असतं. बाकीचे सगळे गूगलच्या सर्वरवर, नेट चालू असताना तुम्ही खाली स्क्रोल केलं किंवा सर्च केलं की अ‍ॅप तिथून आणून दाखवतं आणि आपल्याला वाटतं सगळं फोनमधेच आहे. नेट गेलं की फोनमधलं तेवढंच उरतं. ही ३० दिवसांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते, म्हणजे २५ ऑगस्टला फोनमधे साधारण २६ जुलैपासूनचे मेल होते आणि तिकीट त्याच्याही महिनाभर आधीचं. ६० दिवस आधी काढलेलं तिकीट ३० दिवसांच्या खिडकीत प्रवासाच्या दिवशी बसणारच नाही, साधा हिशोब आहे.

इथे बऱ्याच जणांचा एक घोळ होतो. जीमेलच्या ट्रॅशमधले आणि स्पॅममधले मेल ३० दिवसांनी खरंच कायमचे जातात. ते ३० वेगळे आणि सिंकचे ३० वेगळे. सिंकमुळे सर्वरवरचा एकही मेल पुसला जात नाही.

म्हणून सेटिंगला हात लावायच्या आधी खात्री करा. ब्राउझरमधे, शक्यतो कॉम्प्युटरवर, mail.google.com उघडा आणि तो मेल शोधा. तिथे दिसला तर प्रश्न फक्त फोनचा. तिथेही नसेल तर "All Mail" आणि "Trash" बघा, कारण मग खाली सांगितलेल्याचा काही उपयोग नाही.

आता जीमेल अ‍ॅपमधे बदल असा करायचा:

१. वर डाव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर टॅप करा, यादीत अगदी खाली जाऊन "Settings" उघडा.

२. तुमचा मेल आयडी दिसेल त्यावर टॅप करा. दोन-तीन अकाउंट असतील तर प्रत्येकाचं हे सेटिंग वेगळं असतं, ज्यावर तिकिटं येतात तोच निवडा.

३. खाली "Data usage" चा भाग येतो. तिथे "Sync Gmail" ला टिक आहे ना ते बघा. टिकच नसेल तर दिवस कितीही वाढवा, काही होणार नाही.

४. त्याच्याच खाली "Days of emails to sync" आहे (व्हर्जनप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे असतील), त्यावर टॅप करून ३० च्या जागी ९० टाका, ओके करा.

९० का, तर ६० दिवसांचं बुकिंग आणि वर महिनाभर सूट. वरच्याच उदाहरणात ९० असते तर २५ ऑगस्टला मे महिन्याच्या शेवटापासूनचे मेल फोनमधे असते. काहीजण थेट ९९९ टाकतात, तसं करू नका असं माझं मत, रोज पन्नास-शंभर मेल येणाऱ्या अकाउंटला त्यानं स्टोरेज भरतं आणि साध्या फोनवर अ‍ॅप जड होतं.

बदल केल्यावर लगेच सगळं येत नाही. फोन वायफायवर ठेवा, चार्जिंगला लावा, इनबॉक्स एकदा खाली ओढून रिफ्रेश करा आणि थोडा वेळ द्या. मग खरी परीक्षा म्हणजे एअरप्लेन मोड चालू करा, वायफायही बंद आहे ना बघा, आणि तो जुना मेल उघडून बघा. उघडला तर झालं. नेट चालू ठेवून तपासण्यात अर्थ नाही, नेटवर तो आधीही दिसतच होता.

तरीही नाही उघडला तर दोन गोष्टी बघा. पहिली, लेबल. तुम्ही फिल्टर लावून तिकिटं "प्रवास" वगैरे लेबलमधे टाकत असाल आणि ती इनबॉक्समधे येतच नसतील तर त्या लेबलचा सिंक बंद असू शकतो. त्याच "Settings" मधे अकाउंटच्या आत "Manage labels" आहे, तिथे ते लेबल उघडा, "Sync messages" वर टॅप करा आणि दिवसांचा किंवा सगळ्यांचा पर्याय निवडा. दुसरी गोष्ट अटॅचमेंट. मेल फोनमधे उतरला म्हणजे त्याची पीडीएफ पण उतरली असं धरून चालू नका. प्रवासाच्या आदल्या रात्री पीडीएफ उघडून डाउनलोड करून ठेवा. उक्षी आणि भोके स्टेशनांच्या मधला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, आत नेट शोधत बसण्यापेक्षा हे बरं.

आयफोनवर ऑफिसचा मेल असेल तर प्रकार जरा वेगळा. ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज या मेल सर्वरवर असेल आणि आयफोनच्या स्वतःच्या मेल अ‍ॅपमधे जोडला असेल तर फोन सर्वरला सांगतो की मला एवढ्याच दिवसांचे दे, आणि मग नेट चालू असलं तरी यादी तिथेच संपते, कितीही स्क्रोल करा. लोक घाबरतात ते इथे जास्त. यासाठी "Settings" मधे "Apps", मग "Mail", मग "Mail Accounts" (आयओएस १८ च्या आधी "Apps" ची पायरी नव्हती, थेट "Mail" आणि "Accounts"), ऑफिसचं अकाउंट उघडा आणि "Mail Days to Sync" वर टॅप करा. एक दिवसापासून एक महिन्यापर्यंतचे पर्याय येतात आणि "No Limit" पण. मोठा मेलबॉक्स असेल तर "No Limit" नंतर फोनला बराच वेळ लागतो, मधेच फोल्डर अर्धवट दिसले तर गोंधळून परत बदलू नका, होऊ द्या.

आणि "No Limit" करून एक दिवस झाला, तरी जुने मेल येत नाहीत? मग बहुतेक कंपनीनेच मर्यादा घातलीय. एक्सचेंजमधे फोनवर किती जुने मेल द्यायचे ते आयटीवाले ठरवू शकतात आणि ते आपल्या फोनवरून बदलत नाही. आयटीला नेमकं एवढंच विचारा, "मोबाइल पॉलिसीमधे मेलच्या वयाची मर्यादा आहे का?" नुसतं "मेल गायब झाले" म्हणालात तर ते तुम्हाला पासवर्ड बदलायला सांगतील. उत्तर येईपर्यंत ऑफिसचा वेबमेल फोनच्या ब्राउझरमधे उघडा, जुने मेल तिथे आहेतच.