सोमवारच्या चाचणीआधी : रक्ताभिसरणाची तयारी

आठवीच्या चाचणीत रक्ताभिसरणावर दोन प्रश्न ठरलेले असतात. एक, रक्ताचा मार्ग सांगा. दुसरा, झडपांचं काम सांगा. लालबागमधल्या माझ्या शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी ही यादी लिहून ठेवतेय. धडा पुन्हा पहिल्यापासून घेत बसू नका, रविवारी एवढं केलंत तरी चालेल.

आधी एक कोरा कागद, तांबडी आणि निळी पेन्सिल काढा. कागदाच्या डाव्या बाजूला ‘उजवे’ आणि उजव्या बाजूला ‘डावे’ असं लिहून घ्या, मगच आकृतीला हात लावा. पुस्तकातलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं. हे विसरलं की पुढचं सगळं उत्तर आरशातल्यासारखं उलटं येतं. आणि निळी पेन्सिल फक्त खुणेपुरती आहे, हेही सांगून ठेवा. ऑक्सिजन कमी असलेलं रक्त गडद लाल असतं, निळं नसतं. दरवर्षी कुणीतरी ‘निळे रक्त’ लिहून गुण घालवतंच.

आता थेंबाचा प्रवास. प्रश्न साधारण असा येतो: उजव्या पायाच्या अंगठ्यातून निघालेला रक्ताचा थेंब पुन्हा अंगठ्याशी कसा पोहोचतो? मुलाला तोंडी सांगायला लावा, मध्ये बोलू नका. अंगठ्यातल्या केशवाहिन्यांतून निघून थेंब पायाच्या शिरेत येतो, तिथून वर अधोमहाशिरेत आणि मग उजव्या अलिंदात. तिथून त्रिदल झडप ओलांडून उजव्या निलयात. निलय आकुंचन पावलं की दुसरी झडप ओलांडून फुप्फुस धमनीत, आणि फुप्फुसातल्या केशवाहिन्यांत जाऊन तो ऑक्सिजन घेतो. मग फुप्फुस शिरेतून डाव्या अलिंदात, द्विदल झडपेतून डाव्या निलयात, तिथून महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप ओलांडून महाधमनीत, आणि धमन्यांच्या फांद्या धरून परत अंगठ्याशी.

उत्तर तपासायचं कसं, तर मोजून. थेंब हृदयातून दोनदा गेला पाहिजे, केशवाहिन्यांतून दोनदा, आणि चारही झडपांतून प्रत्येकी एकदाच. झडपा तीनच भरल्या तर कुठला तरी कप्पा गळालाय. हृदयातून जाणं एकदाच झालं असेल, तर बहुतेक वेळा फुप्फुसच राहिलेलं असतं. उजव्या निलयातून थेट डाव्या निलयात उडी मारलेली मी पेपरात कितीतरी वेळा पाहिली आहे. त्या दोघांमध्ये भिंत आहे, दार नाही.

‘धमनी म्हणजे शुद्ध रक्त, शिरा म्हणजे अशुद्ध’ ही ओळ घरात कुणी म्हणत असेल तर थांबवा. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, एवढीच व्याख्या. म्हणून फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं आणि फुप्फुस शिरेत भरपूर ऑक्सिजन असलेलं. आजी-आजोबा ‘रोहिणी’ आणि ‘नीला’ म्हणतील. ते चूक नाही, त्यांच्या वेळचे शब्द आहेत.

झडपांना मात्र जास्त वेळ द्या, कारण पाठांतर तिथे उघडं पडतं. ‘झडपा रक्त पुढे ढकलतात’ हे वाक्य चुकीचं आहे. ढकलतो तो निलयाचा स्नायू. झडप आपणहून काहीच करत नाही. मागे दाब जास्त झाला की ती उघडते, पुढे दाब जास्त झाला की मिटते. आपल्याकडे पावसाळ्यात मोठी भरती असली की समुद्राचं पाणी नाल्यांतून शहरात शिरू नये म्हणून नाल्यांच्या तोंडाची फ्लडगेटं बंद करतात, आणि पावसाचं पाणी पंपाने बाहेर टाकतात. हृदयातही तसंच, फक्त तिथे गेट पाडायला माणूस नाही. उलट येऊ पाहणारं रक्तच झडप मिटवतं.

एका ठोक्याचं गणित घरच्या बीपी मशीनवर करता येतं. आजोबांचं बीपी 120/80 आलं असं धरा. यातला 80 हा खालचा आकडा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात धमन्यांत उरलेला दाब. डावं निलय आकुंचन पावायला लागलं की आधी द्विदल झडप मिटते. आतला दाब वाढत जाऊन 80 च्या वर गेला की महाधमनीची झडप उघडते. तोवर काही क्षण दोन्ही झडपा बंद असतात, आणि रक्त जागचं हलत नाही. दाब 120 पर्यंत चढतो, रक्त बाहेर जातं, निलय सैल पडतं, आणि महाधमनीतलं रक्त मागे वळताच ती झडप मिटते. ‘लब’ हा पहिला आवाज अलिंद-निलयामधल्या झडपा मिटण्याचा, ‘डब’ हा धमन्यांच्या तोंडच्या झडपा मिटण्याचा. उजवी-डावी दोन्ही निलयं एकाच वेळी आकुंचन पावतात. ‘आधी उजवी, मग डावी’ असं थेंबाच्या प्रवासामुळे मुलांना वाटतं. उजव्या निलयातला दाब मात्र साधारण 25 पर्यंतच जातो, कारण फुप्फुस शेजारीच आहे. म्हणून त्याची भिंत पातळ.

मटण खात असाल तर रविवारी सकाळी बोकडाचं एक हृदय आणा. दुकानात ‘काळीज’ मागितलंत तर यकृत मिळेल, ‘दिल’ म्हणा. आणि चिरू नको, वरच्या नळ्या राहू दे, हे आधीच सांगा. नळाखाली धरून आतल्या रक्ताच्या गाठी काढा. जाड भिंतीची बाजू डावी. तिच्यावरचं अलिंद कापून टाका, महाधमनीचं तोंड बोटांनी दाबून धरा, निलयात पाणी ओता आणि बाहेरून हलकेच दाबा. पातळ पांढरी दोन दलं वर येऊन एकमेकांना चिकटतील. त्यांना खालून पांढरे दोरे बांधलेले दिसतील. वाऱ्यात छत्री उलटते तशी दलं अलिंदात उलटू नयेत, म्हणून ते दोरे. मग महाधमनीत वरून पाणी ओता. तिथे दोरे नाहीत, तीन खिसे आहेत. पाण्याने खिसे भरतात आणि एकमेकांवर दाबून वाट बंद करतात. थोडं पाणी तरी झिरपेल. झडप फाटलीय असं लगेच समजू नका, तिच्या जरा वरच हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांची तोंडं असतात.

शेवटचा उपप्रश्न बहुधा असा असतो: द्विदल झडप नीट मिटली नाही तर? ‘माणूस आजारी पडेल’ याला गुण नाहीत. डावं निलय आकुंचन पावताना थोडं रक्त मागे डाव्या अलिंदात जाईल, तेच रक्त पुन्हा पंप करावं लागेल, आणि डॉक्टरांना स्टेथोस्कोपमध्ये लब आणि डबच्या मध्ये ‘फस्स’ असा आवाज ऐकू येईल. एवढी तीन वाक्यं मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिली की वही मिटा.