मेलच्या गोंधळातून नाव, तारीख, रक्कम काढताय? आधी पन्नास मेल स्वतः वाचा

सोसायटीचा मेंटेनन्स भरला की लोक मेल टाकतात, "काल अडीच हजार टाकलेत, बघून घ्या", बस. असे सहाशे मेल एआय मॉडेलकडून टेबलात आणायचे होते.

मेल एक्सपोर्ट करा, खालचे जुने रिप्लाय छाटा, खाते नंबर खोडा. प्रत्येक मेलसोबत तो पाठवल्याची तारीख द्या आणि उत्तर या साच्यात मागा:

```
{"name": "...", "date": "2025-06-04", "amount": 2500,
 "date_text": "काल", "amount_text": "अडीच हजार"}
```

माहिती नसेल तिथे `null` टाक, असं स्पष्ट लिहा, नाहीतर मॉडेल रिकामी जागा स्वतःच्या मनाने भरतं.

आता खरी डोकेदुखी, तपासणी. "आउटपुटवर नजर फिरवा" हा सल्ला देणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो, कारण मी तेच केलं होतं आणि टेबल इतकं छान दिसत होतं की चुकीच्या तारखांसकट कमिटीला पाठवून मोकळा झालो. चुकीची तारीखही दिसायला तारखेसारखीच असते हो!

म्हणून मॉडेल चालवायच्या आधी कुठलेही पन्नास मेल उचला आणि तिन्ही गोष्टी हाताने भरा. आधीच, कारण मॉडेलचं उत्तर एकदा बघितलं की आपल्यालाही तेच बरोबर वाटायला लागतं. मग कॉलमवार जुळवा. माझं आलं रक्कम ४८, नाव ४७, तारीख ३९. सरासरी काढली तर जवळपास ९० टक्के, ऐकायला झकास, पण चुका वेगवेगळ्या मेलांत असल्याने पूर्ण बरोबर ओळी फक्त ३४ होत्या. सरासरी काढूच नका.

तारखेच्या ११ चुका उघडून बघितल्या. बऱ्याच ठिकाणी 05/06 चं ६ मे झालेलं, अमेरिकन पद्धतीने. "आधी दिवस, मग महिना" एवढी ओळ घातल्यावर त्या गेल्या. उरलेले फॉरवर्ड केलेले मेल, त्यातला "काल" मूळ मेलच्या तारखेवरून मोजायचा, फॉरवर्डच्या नाही. ते मी वेगळे काढून हाताने भरले, त्यात लाज कसली.

`date_text` आणि `amount_text` मूळ मेलमध्ये जसेच्या तसे सापडतात का हे सगळ्या सहाशे मेलांवर कोडने तपासा. नाही सापडले तर ती ओळ बाजूला. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, याने फक्त मनचं घातलेलं पकडलं जातं. "काल" मेलमध्ये असतोच, तो चुकीचा मोजला तरी ही चाचणी पासच होते.

प्रॉम्प्ट बदलल्यावर त्याच पन्नासांवर नवा आकडा काढून खूश होऊ नका, दुसरे पन्नास घ्या. शेवटी रकमांची बेरीज बँक स्टेटमेंटशी लावा. माझ्याकडे २२,५०० जास्त निघाले, एकाच्या "अडीच हजार" चे २५,००० झाले होते.