‘हा, ही, हे’ धरून ‘चांगला, चांगली, चांगले’ कसे लिहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात ‘शाळा चांगले आहे’, ‘भाजी ताजे आहे’ अशी वाक्ये कानावर पडतात आणि वहीतही सापडतात. ज्यांच्या घरी कन्नड बोलली जाते त्यांच्याकडून ती येतात, आणि घरी मराठी असूनही ज्यांचे सारे शिक्षण कन्नड माध्यमातून झाले अशांकडूनही येतात. मी संध्याकाळी मुलांच्या मराठी वह्या तपासते. ही चूक निष्काळजीपणाची आहे असे मला कधीच वाटले नाही, कारण तिच्यामागे एक सरळ हिशेब आहे आणि तो समजल्यावर ती सुधारणे सोपे होते.

कन्नडमध्ये पुरुष पुल्लिंगी, स्त्री स्त्रीलिंगी आणि उरलेल्या बहुतेक सगळ्या वस्तू नपुंसकलिंगी असतात. नामाच्या आधी येणारे विशेषण तेथे बदलत नाही: ‘ओळ्ळेय हुडुग’ म्हणजे चांगला मुलगा, ‘ओळ्ळेय हुडुगि’ म्हणजे चांगली मुलगी आणि ‘ओळ्ळेय मने’ म्हणजे चांगले घर. वाक्याच्या शेवटी मात्र ‘ओळ्ळेयवनु, ओळ्ळेयवळु, ओळ्ळेयदु’ असा भेद होतो, आणि वस्तूसाठी नेहमी शेवटचेच रूप येते. त्यामुळे त्या सवयीने मराठी बोलणारा माणूस शाळा, गाडी, भाजी अशा प्रत्येक वस्तूला ‘चांगले’ लावतो. मराठीत वस्तूंनाही तीन लिंगे आहेत. रस्ता पुल्लिंगी, शाळा स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी असते. यामागे काही तर्क शोधत बसण्यापेक्षा ते शब्दाबरोबरच शिकून घ्यावे लागते.

पहिली पायरी अशी की विशेषण तात्पुरते बाजूला ठेवावे आणि नुसत्या नामाच्या आधी ‘हा’, ‘ही’, ‘हे’ यांपैकी काय येते ते म्हणून पाहावे. हा रस्ता, ही शाळा, हे घर. घरी मराठी बोलणाऱ्याला येथे सहसा अडत नाही. जो ‘शाळा चांगले आहे’ असे लिहितो तोसुद्धा ‘हे शाळा’ असे क्वचितच म्हणतो. आता ‘हा’मधला आकार, ‘ही’मधला ईकार आणि ‘हे’मधला एकार जसाच्या तसा ‘चांगल’पुढे जोडावा: हा चांगला रस्ता, ही चांगली शाळा, हे चांगले घर. मोठा, जुना, नवा, काळा, हिरवा, ताजा ही विशेषणेही याच वाटेने जातात.

ज्याची घरची भाषा कन्नड आहे त्याला ही कानाची मदत मिळत नाही. त्याने नवा शब्द लिहून घेताना ‘गाडी’ असे एकटे लिहू नये, तर ‘ही गाडी’ असे लिहावे. शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून लिंग ओळखण्याचा मोह टाळावा. ‘भाजी’ आणि ‘पाणी’ दोन्ही ईकारान्त आहेत, पण ती भाजी चांगली आणि ते पाणी चांगले; ‘हत्ती’ही ईकारान्तच, पण तो मोठा. ‘भाषा’ आकारान्त असून स्त्रीलिंगी आहे आणि ‘चहा’ आकारान्त असून पुल्लिंगी. ‘बस’ बाहेरून आलेला शब्द असला तरी मराठीत ती बस झाली, म्हणून नवी बस.

दुसरी पायरी वचनाची आहे, आणि खरी गुंतागुंत येथे आहे. ‘हे चांगले रस्ते’, ‘ह्या चांगल्या शाळा’, ‘ही चांगली घरे’ ही तीन वाक्खंडे शांतपणे वाचावीत. पुल्लिंगी अनेकवचनाचे ‘चांगले’ आणि नपुंसकलिंगी एकवचनाचे ‘चांगले’ सारखेच दिसते. नपुंसकलिंगी अनेकवचनाचे ‘चांगली’ आणि स्त्रीलिंगी एकवचनाचे ‘चांगली’ही सारखेच दिसते. म्हणजे एकेक रूप दोन दोन कामे करते, आणि म्हणूनच ‘चांगली म्हणजे स्त्रीलिंग’ असे पाठ केलेला विद्यार्थी ‘चांगली घरे’ पाहून थबकतो. पण ‘हे’ आणि ‘ही’ यांचीही नेमकी अशीच दुहेरी कामे आहेत, त्यामुळे किल्ली येथेही लागते: ‘हे रस्ते’ म्हणून चांगले, ‘ही घरे’ म्हणून चांगली.

बेळगावच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात, तेव्हा उदाहरण तेथलेच घेऊ. एक असेल तर ‘हे रताळे चांगले आहे’. अनेक असतील तर ‘ही रताळी चांगली आहेत’. शेजारच्या टोपलीत काकडी असेल तर ‘ही काकडी चांगली आहे’, आणि मिठाईच्या दुकानात मांडे असतील तर ‘हे मांडे चांगले आहेत’. या चार वाक्यांत एकवचन आणि अनेकवचन यांचा फरक ‘आहे’ आणि ‘आहेत’ यांनी स्पष्ट होतो. भूतकाळात मात्र हा आधारही सुटतो, कारण ‘काकडी चांगली होती’ आणि ‘रताळी चांगली होती’ यांत शेवटचे दोन्ही शब्द अगदी सारखे येतात. तेथे नामाकडेच पाहावे लागते.

पूर्वीच्या मराठी लेखनात हा गोंधळ डोळ्यांना कमी होत असे. तेव्हा नपुंसकलिंगी रूपांवर अनुस्वार देत असत: ‘चांगलें घर’, ‘चांगलीं घरें’. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखनविषयक नियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. आजोबांच्या काळची पोथी वाचताना असे अनुस्वार दिसले तर ती छपाईची चूक समजू नये. बोलण्यात आजही आपण ‘घर चांगलं आहे’ आणि ‘रस्ते चांगले आहेत’ असा भेद करतोच. औपचारिक लेखनात ‘चांगलं’च्या जागी ‘चांगले’ येते, तेव्हा लिहिताना शंका आली तर वाक्य एकदा मोठ्याने बोलून पाहावे; तोंडून ‘चांगलं’ आले तर ते नपुंसकलिंगी एकवचन आहे हे लगेच कळते.

काही नामांचे अनेकवचन दिसायला एकवचनासारखेच असते. ‘शाळा’ एक असो वा दहा, शब्द तोच राहतो. तेथे विशेषणच वाचकाला संख्या सांगते: ‘गावात जुनी शाळा आहे’ म्हणजे एक आणि ‘गावात जुन्या शाळा आहेत’ म्हणजे अनेक. आदरार्थी अनेकवचनही येथेच लक्षात ठेवावे. ‘आमचे सर चांगले आहेत’ आणि ‘आमच्या बाई चांगल्या आहेत’ असे लिहावे, व्यक्ती एकच असली तरी.

तिसरी पायरी लहान आहे, पण चुका येथेही पुष्कळ होतात. नामाला ‘ला’, ‘ने’, ‘त’, ‘चा’ असा प्रत्यय किंवा ‘वर’, ‘साठी’, ‘जवळ’ असे शब्दयोगी अव्यय लागले की त्याच्या आधीचे विशेषण लिंग आणि वचन न पाहता ‘चांगल्या’ होते: चांगल्या मुलाला, चांगल्या शाळेत, चांगल्या घरासाठी, चांगल्या रस्त्यांवर. येथेही ‘ह्या मुलाला, ह्या शाळेत, ह्या घरासाठी’ असेच आपण म्हणतो, मग कोणी ‘ह्या’ लिहो वा ‘या’. मात्र प्रत्यय लागलेले नाम आणि विशेषण ज्याचे आहे ते नाम एकच आहे ना, हे तपासावे. ‘घराला मोठी खिडकी आहे’ या वाक्यात प्रत्यय घराला लागला आहे आणि मोठी आहे ती खिडकी. म्हणून तेथे ‘मोठ्या’ होत नाही.

सगळीच विशेषणे बदलतात असे नाही. मुख्यतः आकारान्त विशेषणे बदलतात. लाल, गोड, सुंदर, लहान, हुशार, कडू, गुलाबी ही तशीच राहतात. ‘नवा’ बदलतो आणि ‘नवीन’ बदलत नाही, म्हणून ‘नवी गाडी’ आणि ‘नवीन गाडी’ दोन्ही बरोबर आहेत. आकारान्त असूनही ‘जादा’ बदलत नाही: ‘यात्रेसाठी जादा गाड्या सोडल्या.’

आता पाचवीतल्या मुलांच्या वहीत येतात तशा पाच ओळी घेऊन त्या दुरुस्त करू.

आईने गणपत गल्लीत चांगले भाजी आणले.
तिने मोठे रताळी घेतले.
दुकानात कुंदा ताजे होते.
सगळे सामान मोठा पिशवीत ठेवले.
माझा लहान बहीण खूश झाली.

पहिल्या ओळीत नाम ‘भाजी’ आहे. ‘ही भाजी’, म्हणून ‘चांगली’. आणि भाजीला प्रत्यय नसल्याने क्रियापदही तिच्यामागे जाते, म्हणून ‘चांगली भाजी आणली’. विशेषण आणि क्रियापद येथे एकाच नामाला बांधलेले असल्यामुळे चूक बहुधा जोडीने येते, आणि एक दुरुस्त करून दुसरे तसेच सोडले तर वाक्य आणखी खटकते. दुसऱ्या ओळीत ‘ही रताळी’, म्हणून ‘मोठी रताळी घेतली’. येथे मूल अनेकदा विचारते की रताळे तर नपुंसकलिंगी आहे, मग ‘मोठे’ का नाही? एकच घेतले असते तर ‘मोठे रताळे घेतले’ असेच झाले असते, हे त्याला शेजारी लिहून दाखवावे. तिसऱ्या ओळीत ‘हा कुंदा’, म्हणून ‘कुंदा ताजा होता’. चौथ्या ओळीत ‘सगळे सामान’ बरोबर आहे, कारण ‘हे सामान’; पण पिशवीला ‘त’ लागला आहे, म्हणून ‘मोठ्या पिशवीत’.

पाचव्या ओळीत मूल ‘लहान’कडे बोट दाखवते आणि चूक तेथे शोधते. ‘लहान’ बदलतच नाही. चूक ‘माझा’ या शब्दात आहे: माझा, तुझा, आपला, आमचा हेही ‘चांगला’सारखेच चालतात, आणि ‘ही बहीण’ असल्याने ‘माझी लहान बहीण’ व्हायला हवे. ‘चा’ लागून झालेल्या शब्दांचेही असेच होते: बेळगावचा कुंदा, बेळगावची भाजी, बेळगावचे रताळे, बेळगावचे मांडे, बेळगावची रताळी, बेळगावच्या काकड्या, आणि प्रत्यय लागला की बेळगावच्या बाजारात.