पार्सल आणि मेसेजसाठी पहिली मदतनीस ठेवताना

लातुरातून माझा येसर, काळा मसाला आणि जवसाच्या चटणीचा घरगुती धंदा चालतो. रोजची पार्सलं पंधरावर गेली, तेव्हा गल्लीतली कॉलेजात जाणारी एक मुलगी मदतीला घेतली.

१. आधी आठवडाभर वही ठेवा. कोणत्या कामाला किती वेळ जातो ते लिहा. मला वाटायचं पॅकिंगच वेळ खातं. वहीत दिसलं की भाव काय, किती दिवसांत येईल, पार्सल कुठवर आलं, या तीनच प्रश्नांत दुपार जात होती.

२. वेळ आणि पैसे ठरवा. कुरिअरवाला सहाला येतो, म्हणून ती तीन ते सहा येते. पैसे तासावर द्या. पार्सलमागे दिले की हात घाई करतो आणि चिकटपट्टी अर्धवट राहते. पहिले तीन दिवस चाचणीचे, पण त्याचेही पैसे द्यायचेच.

३. कामाची यादी भिंतीवर लावा. चिठ्ठी वाचायची, पाकिटं काढायची, सील दाबून बघायचं, पाकिटावरची तारीख पाहायची, खोक्यात भरायचं, वजन करायचं, फोटो काढायचा, मग पट्टी. टेबलावर एका वेळी एकच ऑर्डर. दोन खोकी शेजारी उघडी होती, म्हणूनच आमचं परभणीचं पार्सल पुण्याला गेलं होतं.

४. वजनावरून चूक पकडा. अर्धा किलो येसरचं भरलेलं पाकीट आमच्याकडे ५१२ ग्रॅम भरतं, पाव किलो चटणीचं २५८ आणि रिकामं खोकं कागदासकट १४०. दोन येसर, एक चटणी म्हणजे १,४२२ ग्रॅम. काट्यावर १,१६४ दिसले तर चटणी आत गेलेलीच नाही. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे चालतात. पण येसरऐवजी काळा मसाला गेला तर काटा गप्प बसतो. त्यासाठीच उघड्या खोक्याचा, शेजारी पत्त्याची चिठ्ठी ठेवून काढलेला फोटो.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक फोटो मी बघत होते. आता रोज कोणतीही दोन बंद खोकी उघडते. चूक सापडली की त्या दिवसाची सगळी.

५. मेसेजची हद्द आखा. व्हॉट्सॲप बिझनेस तिच्या फोनवर जोडलेलं उपकरण म्हणून चालतं. माझा फोन माझ्याकडेच राहतो आणि काम सुटलं तर जोडणी काढता येते. त्या तीन प्रश्नांची उत्तरं तयार करून ठेवली आहेत, ती पाठवायची. पैसे परत, सूट आणि तक्रार माझ्याकडे. पाकीट फुटलं असेल तर तिने एवढंच लिहायचं: "फोटो पाठवा, ताई संध्याकाळपर्यंत फोन करतील." "उद्या नक्की मिळेल" हे कुणालाच लिहायचं नाही, कारण कुरिअर आपल्या हातात नसतं.

रात्री मी पाच संभाषणं वाचते. उत्तर बरोबर आहे का, हे तर बघतेच. पण माझा डोळा असतो तो तिने स्वतःहून दिलेल्या शब्दावर. एकदा तिने कळवळून एका आजींना दोन पाकिटं फुकट कबूल केली होती. ती पाठवली, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या यादीत एक ओळ वाढवली.